पाहुणा म्हणून बोलावले जावे यासाठी

समजा, ठाण्यात एक सिव्हिल इंजिनिअर आहे. गेली काही वर्षे तो एकच काम करतो: गृहनिर्माण सोसायट्यांना डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे सरकारी कागदावरचे मानीव अभिहस्तांतरण, मिळवून देणे. इमारत उभी राहिली, सोसायटी नोंदली गेली, पण जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे, अशा ठिकाणी त्याचा उपयोग होतो. त्याला कामे मिळतात ती ओळखीतून. एका सोसायटीच्या सचिवाने शेजारच्या सोसायटीला सांगितले, एवढाच त्याचा प्रचार. ठाण्याबाहेर, डोंबिवलीत, पनवेलला किंवा पिंपरी-चिंचवडला त्याला कोणी ओळखत नाही.

असा सल्लागार पॉडकास्टवर किंवा वेबिनारमध्ये पाहुणा म्हणून जाऊ शकला, तर त्याला हवी असलेली माणसे एका तासात भेटतात. बहुतेक जण मात्र पहिली चूक इथेच करतात. मोठ्यात मोठा पॉडकास्ट शोधतात, आपला परिचय जोडून मेल पाठवतात आणि उत्तराची वाट पाहत राहतात. उत्तर न येण्याचे कारण बहुधा त्या मेलमध्येच असते. पण मेलच्या आधी कार्यक्रमाची निवड येते.

डीम्ड कन्व्हेयन्सचा निर्णय एकटादुकटा फ्लॅटमालक घेत नाही. विषय व्यवस्थापक समितीत येतो, सर्वसाधारण सभेत ठराव होतो आणि मग सल्लागार नेमला जातो. म्हणून या इंजिनिअरला अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सभेत उठून प्रश्न विचारणारे दोन-चार सभासद ऐकणारे हवेत. लाखो श्रोते असलेल्या मुलाखतींच्या कार्यक्रमात अशी माणसे विखुरलेली असतात. सोसायटीचे व्यवहार, घरखरेदी, पुनर्विकास किंवा मध्यमवर्गीयांचे अर्थकारण यांवर बोलणाऱ्या छोट्या मराठी कार्यक्रमात ती एकवटलेली सापडतात. दीड-दोन हजार जण ऐकत असले आणि त्यांतले दोनशे समिती सदस्य असले, तरी या माणसासाठी तो कार्यक्रम मोठाच आहे.

ऐकणारे कोण आहेत, हे कळायला एक सोपी जागा आहे: यूट्यूबवरच्या प्रतिक्रिया. ‘फार छान माहिती’ अशा ओळी सोडून द्याव्यात आणि प्रश्न वाचावेत. ‘आमच्या सोसायटीत बिल्डर सहकार्य करत नाही, काय करावे?’ असे प्रश्न चार भागांखाली वारंवार दिसले, तर श्रोते योग्य आहेत. ‘कोणता शेअर घेऊ?’ असे प्रश्न दिसले, तर तो कार्यक्रम कितीही चांगला असला तरी त्याच्यासाठी नाही. दुसरी युक्ती आपल्याच क्षेत्रातल्या माणसांची नावे शोधण्याची. पुनर्विकासाचे सल्लागार, सोसायट्यांचे लेखापरीक्षक, सहकार खात्यातले निवृत्त अधिकारी कुठे कुठे पाहुणे म्हणून गेले आहेत, हे यूट्यूबवर किंवा लिसन नोट्ससारख्या पॉडकास्ट शोधयंत्रावर नाव टाकले की दिसते. ज्या सूत्रसंचालकाने एका जवळच्या विषयाला जागा दिली, तो दुसऱ्यालाही देण्याची शक्यता असते. शेवटचा भाग कधी आला, हेही पाहावे. तीन-चार महिने नवे काही आलेले नसेल, तर पत्रव्यवहारात वेळ घालवू नये.

या शोधातून दहा-बारा नावांची यादी होते, तेवढी पुरते. यादीतल्या प्रत्येक कार्यक्रमाचे किमान दोन भाग शेवटपर्यंत ऐकायचे असतात, म्हणून यादी लांबवण्यात अर्थ नाही.

आता विषय. सल्लागाराला वाटते, विषय म्हणजे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’. सूत्रसंचालकाच्या दृष्टीने ते नुसते एक शीर्षक आहे आणि त्यावर आधीच पन्नास व्हिडिओ आहेत. त्याला हवी असते श्रोत्याला पडलेली, नेमकी आणि अजून कोणी न सोडवलेली अडचण. ती फक्त रोज काम करणाऱ्यालाच ठाऊक असते. कायदा ढोबळपणे सगळ्यांना माहीत आहे: 1963 च्या मोफा कायद्याच्या कलम 11 खाली सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते, सुनावणी होते आणि एकतर्फी अभिहस्तांतरणाचा आदेश व प्रमाणपत्र मिळते. पण आदेश हा शेवट नाही. त्यानंतर दस्त मुद्रांक कार्यालयात अभिनिर्णयासाठी जातो, जुन्या फ्लॅट करारांवर शुल्क भरले होते का ते तिथे तपासले जाते, मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होते आणि सर्वांत शेवटी प्रॉपर्टी कार्डावर किंवा सात-बारावर सोसायटीचे नाव लागते. अनेक समित्या आदेश मिळताच पेढे वाटतात आणि फाइल कपाटात ठेवतात. काही वर्षांनी पुनर्विकासासाठी विकासक येतो, कार्ड मागतो आणि त्यावर जुन्याच मालकाचे नाव असते.

इथे इंजिनिअरला त्याचा विषय मिळाला: ‘आदेश हातात, तरी जमीन दुसऱ्याच्याच नावावर.’

एवढा अरुंद विषय घेतला तर पुढची दारे बंद होतील, अशी भीती अनेकांना वाटते. कॅनडाच्या एप्रिल डनफर्ड यांचे उदाहरण इथे पाहण्यासारखे आहे. तंत्रज्ञान कंपन्यांनी आपले उत्पादन बाजारात नेमके कशाच्या शेजारी मांडावे, एवढ्याच प्रश्नावर त्या सल्ला देतात. 2019 मध्ये त्यांचे या विषयावरचे पुस्तक आले. लेनी राचित्स्की यांच्या, थेट उत्पादन व्यवस्थापकांपर्यंत पोहोचणाऱ्या पॉडकास्टवर त्या याच एका प्रश्नावर बोलल्या. विपणनाच्या साऱ्या अंगांवर बोलायला त्यांनी सुरुवात केली असती, तर ‘पोझिशनिंग’ म्हटले की त्यांचे नाव आठवणे अवघड झाले असते.

विषय ठरला की मेल लिहायचा. तो छोटा असावा, मोबाइलच्या पडद्यावर दोनदा सरकवून संपेल इतका. त्यात परिचय तळाशी आणि श्रोत्याची अडचण वर असावी. आपल्या इंजिनिअरचा मेल असा होऊ शकेल:

‘विषय: पुढच्या भागासाठी सूचना – आदेश हातात, तरी जमीन दुसऱ्याच्याच नावावर

नमस्कार,

पुनर्विकासावरचा तुमचा भाग पूर्ण ऐकला. पाहुण्यांनी “आधी कन्व्हेयन्स करून घ्या” असं सांगितलं आणि चर्चा निविदांकडे वळली. खाली काही श्रोत्यांनी विचारलंय, की डीम्ड कन्व्हेयन्सचा आदेश आलाय, आता पुढे काय करायचं? त्यावर अजून उत्तर नाही. त्या एका प्रश्नावर स्वतंत्र भाग होऊ शकतो, असं मला वाटतं.

बऱ्याच कमिट्या उपनिबंधकांच्या आदेशावर थांबतात. मुद्रांक, नोंदणी आणि प्रॉपर्टी कार्ड हे टप्पे राहून जातात आणि पुनर्विकासाच्या वेळी ते उघड होतं. मी हे तीन प्रश्न घेऊन बोलू शकेन: आपल्या सोसायटीचं काम कुठे अडलंय, हे दहा मिनिटांत कसं तपासायचं? आदेश जुना असेल तर काय करावं लागतं? कमिटी स्वतः काय करू शकते आणि सल्लागार कुठे लागतो?

मी ठाण्यातला सिव्हिल इंजिनिअर. फक्त हेच काम करतो. एका शिबिरात बोललो त्याची तीन मिनिटांची चित्रफीत सोबत जोडली आहे, म्हणजे आवाजाचा आणि बोलण्याचा अंदाज येईल. श्रोत्यांसाठी एक पानाची तपासणी यादी देईन. ती विनामूल्य आहे.

पुढच्या महिन्यात कोणत्याही शनिवारी ध्वनिमुद्रणाला येऊ शकतो. हा विषय तुमच्या नियोजनात बसत नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल.’

या मेलमधला पहिला परिच्छेद सर्वांत महागाचा आहे, कारण पुनर्विकासाचा भाग खरोखर ऐकल्याशिवाय तो लिहिता येत नाही. सूत्रसंचालकांकडे ‘तुमचा पॉडकास्ट फार आवडतो’ असे साचेबंद मेल रोज येतात आणि पहिल्याच ओळीत ओळखू येतात. तीन प्रश्न दिल्यामुळे सूत्रसंचालकाचे निम्मे काम होते, मुलाखतीचा सांगाडा हाती येतो. त्यांतला तिसरा प्रश्न मुद्दाम घातलेला आहे. कमिटीने स्वतः काय करावे, हे सांगायला जो तयार आहे तो जाहिरात करायला येत नाही, एवढी खात्री त्यातून पटते. चित्रफीत जोडणे फार जण विसरतात. सूत्रसंचालकाला सर्वांत मोठी धास्ती असते ती विषय जाणणाऱ्या पण कॅमेऱ्यासमोर अडखळणाऱ्या, किंवा कलमांचे आकडे म्हणत सुटणाऱ्या पाहुण्याची. शिबिराची चित्रफीत नसेल तर घरी मोबाइलवर एकाच प्रश्नाचे उत्तर रेकॉर्ड करून पाठवावे.

मेल यूट्यूब वाहिनीच्या माहिती पानावरच्या व्यावसायिक पत्त्यावर किंवा भागाच्या वर्णनात दिलेल्या पत्त्यावर जातो. इन्स्टाग्रामवर आधी संदेश टाकून नंतर मेल करणे, मग फोन नंबर शोधून काढणे, असा पाठलाग करू नये. आठ-दहा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण एकदा द्यावी, तीही शक्यतो काही नवे घेऊन, जसे की त्या आठवड्यात पुनर्विकासाबद्दल आलेला एखादा शासन निर्णय. तरीही उत्तर आले नाही तर पुढच्या नावाकडे वळावे. दहांतून दोन होकार आले तरी सुरुवात चांगली म्हणायची.

मेल कधी पाठवायचा, याचा विचार फार कमी जण करतात. सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते आणि तिची सूचना 14 दिवस आधी सभासदांना जाते. कन्व्हेयन्सचा विषय त्या सूचनेत यायचा असेल तर समितीने तो जुलै-ऑगस्टमध्ये ऐकलेला असला पाहिजे. ध्वनिमुद्रणानंतर भाग बाहेर यायला चार ते आठ आठवडे सहज जातात. म्हणजे मेल एप्रिल-मेमध्ये गेला पाहिजे. ऑक्टोबरमध्ये पाठवलेल्या उत्तम मेलमधून झालेला भाग समितीच्या कानावर पडेपर्यंत सभा होऊन गेलेली असते आणि विषय वर्षभर मागे पडतो. प्रत्येक क्षेत्राचा असा एक हंगाम असतो. निर्यातीच्या सल्लागाराचा वेगळा, करसल्लागाराचा वेगळा. तो ओळखूनच पत्रव्यवहार सुरू करावा.

वेबिनारची तऱ्हा थोडी निराळी आहे. तिथे सूत्रसंचालकाच्या जागी संस्था असते. मुंबई, ठाणे, पुणे इथे गृहनिर्माण संस्थांचे जिल्हा महासंघ आहेत आणि सहकार कायद्याच्या कलम 24-अ प्रमाणे सभासदांचे व समितीचे प्रशिक्षण ही सोसायट्यांची जबाबदारी आहे. त्यामुळे वक्त्यांची गरज खरी आहे. पण महासंघाच्या पदाधिकाऱ्याला कथेपेक्षा कार्यक्रमाचा आराखडा लागतो: विषय, कालावधी, कोणासाठी आणि उपस्थित माणूस काय शिकून जाईल. चाळीस मिनिटे मांडणी आणि वीस मिनिटे प्रश्न, रविवारी सकाळी किंवा रात्री साडेआठनंतर, असे स्पष्ट लिहावे. समितीतली माणसे नोकरी करणारी असतात, दुपारी तीनला ती येत नाहीत. नोंदणी अर्जात एकच प्रश्न टाकायला सुचवावे: तुमच्या सोसायटीचे काम अर्ज, आदेश, नोंदणी की प्रॉपर्टी कार्ड यांपैकी कुठे थांबले आहे? आलेल्या उत्तरांवरून वक्त्याला भर कुठे द्यायचा ते आदल्या दिवशीच कळते. मात्र नोंदणी केलेल्यांची यादी आयोजकांकडे मागू नये. ती माणसे महासंघाच्या कार्यक्रमाला आली आहेत, त्यांनी सल्लागाराला आपला नंबर दिलेला नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही संमती हाच आहे.

नियमांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. आपल्या उदाहरणातला सल्लागार इंजिनिअर आहे. तोच वकील असता तर मेल लिहिण्याआधी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला नियम 36 वाचावा लागला असता. वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मागणे त्यात निषिद्ध आहे आणि जाहिरातीसारख्या मुलाखतीही त्यात येतात. मार्च 2025 मध्ये कौन्सिलने समाजमाध्यमांवरच्या वकिलांच्या प्रचाराबद्दल पुन्हा ताकीद दिली. सनदी लेखापालांवरही 1949 च्या त्यांच्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार काम मागण्यावर आणि जाहिरातीवर बंधने आहेत. कायद्याची माहिती देणे आणि ‘केस माझ्याकडे द्या’ असे सुचवणे यांतली रेषा या व्यावसायिकांनी फार काळजीने पाळावी. भागाच्या वर्णनात फोन नंबर देणेही त्यांना अडचणीचे ठरू शकते.

पैसे मागणारे कार्यक्रमही भेटतात. ‘पाहुणा शुल्क’, ‘निर्मिती खर्च’ अशी नावे त्याला दिली जातात. 2022 मध्ये ब्लूमबर्गने अमेरिकेतल्या या प्रथेवर सविस्तर वृत्तांत दिला होता. काही पाहुणे एका भागासाठी हजारो डॉलर मोजतात, असे त्यात होते. पैसे देऊन केलेली मुलाखत ही जाहिरात असते आणि भारतात जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे समाजमाध्यमांवर तशी नोंद दिसली पाहिजे. नोंद न करण्याचे आश्वासन देणाऱ्या कार्यक्रमापासून दूर राहावे. अशा ठिकाणी पाहुण्यांची निवड श्रोत्यांसाठी झालेली नसते. आधीच्या भागांखालचे प्रश्न वाचले तर ऐकणारेही फारसे नाहीत, हे बऱ्याचदा लक्षात येते.

होकार आला की तयारी दोनच गोष्टींची करावी. पहिली आवाजाची. तारेचा इअरफोन, पडदे व गादी असलेली खोली आणि बंद पंखा यांनी बरेच साधते. रिव्हरसाइडसारख्या साधनांवर ध्वनिमुद्रण पाहुण्याच्या स्वतःच्या संगणकात होते आणि तुकड्यातुकड्याने वर चढत राहते. बोलणे संपल्याबरोबर खिडकी बंद केली तर शेवटचा तुकडा अडकू शकतो. अपलोड पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबावे.

दुसरी तयारी एका खऱ्या प्रकरणाची. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, तारखांच्या क्रमाने सांगता आले पाहिजे: अर्ज कधी केला, सुनावणीत कोण आले, मुद्रांक कार्यालयाने कोणते कागद परत मागितले, त्यात किती महिने गेले, कार्डावर नाव कधी लागले. सोसायटीचे नाव, इमारतीचा पत्ता, बिल्डरचे नाव यांतले काहीही बाहेर येऊ देऊ नये आणि समितीची लेखी परवानगी आधी घ्यावी. ठाण्यासारख्या शहरात ‘स्टेशनजवळची सात मजली’ एवढ्यावरही माणसे इमारत ओळखतात. कलमे दोन-तीनच सांगावीत. श्रोता गाडी चालवत किंवा भाजी निवडत ऐकत असतो. ‘कलम 11, उपकलम 3’ त्याच्या लक्षात राहत नाही. ‘आदेशाच्या फाइलमध्ये नोंदणी झालेला दस्त आहे का, ते आज घरी गेल्यावर बघा’ हे राहते. थेट कार्यक्रमात कोणी आपल्या सोसायटीचा गुंता मांडला तर कागद न पाहता निकाल देऊ नये. अशा प्रकरणात सर्वसाधारणपणे काय तपासतात, तेवढे सांगून थांबावे.

शेवटी सूत्रसंचालक विचारतोच, ‘तुमच्याशी संपर्क कसा साधायचा?’ इथे वेबसाइट, फेसबुक, दोन फोन नंबर आणि मेल असे सगळे सांगितले तर ऐकणारा काहीच टिपून घेत नाही. एकच वाट द्यावी. मेलमध्ये कबूल केलेली तपासणी यादी व्हॉट्सॲपवर मिळेल असे सांगावे आणि दुवा भागाच्या वर्णनात टाकायला द्यावा. दुवा असा तयार करता येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=YADI-1
```

X च्या जागी स्वतःचा दहा आकडी नंबर येतो. श्रोत्याने दुव्यावर बोट ठेवले की YADI-1 हा मजकूर लिहिलेला संदेश तयार होतो, त्याला फक्त पाठवायचा असतो. दुसऱ्या कार्यक्रमासाठी YADI-2, महासंघाच्या वेबिनारसाठी YADI-3 असे केले की कोणता माणूस कुठून आला, हे विचारावे लागत नाही. यादी पाठवल्यावर एकच प्रश्न विचारावा: काम कोणत्या टप्प्यावर अडले आहे? रोज शुभेच्छांचे फलक पाठवणे सुरू केले तर तीच माणसे नंबर बंद करून टाकतात.

या संदेशांचा हिशेब लगेच मांडू नये. ऑगस्टमध्ये ऐकणारा सचिव सप्टेंबरच्या सभेत विषय काढतो, ऑक्टोबरमध्ये तीन सल्लागारांकडून दरपत्रके मागवतो आणि दिवाळीनंतर फोन करतो. म्हणून भाग आल्यापासून सहा महिन्यांनी तीन आकडे पाहावेत: किती संदेश आले, त्यांतले किती समिती सदस्यांचे होते आणि किती सोसायट्यांनी बैठकीला बोलावले. संदेश भरपूर पण समितीची माणसे नाहीत, असे दिसले तर कार्यक्रमाची निवड चुकली. समितीची माणसे आली पण बैठकीपर्यंत कोणी पोहोचले नाही, तर मुलाखतीत अडचण समजली, पण ती सोडवायला याच माणसाची गरज का आहे हे उमगले नाही. अशा वेळी पुढच्या मेलमध्ये विषय तोच ठेवून प्रकरण बदलावे आणि आधीच्या भागाचा दुवा चित्रफितीच्या जागी जोडावा.